बाथरूमचं टफन काचेचं दार रात्री आपोआप फुटलं, कारण काय असेल?

स्वाती_मनीषनगर
नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. दोन वर्षांपूर्वी फ्लॅटचं काम करताना बाथरूममध्ये ८ मिमी टफन काचेचं पार्टिशन केलं, एक फिक्स काच आणि एक दार. मागच्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास मोठा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर दाराचा वरचा अर्धा भाग खडे होऊन फरशीवर पसरला होता. खालच्या अर्ध्या भागाला आडोशासाठी दुधी फिल्म लावली होती, तो भाग हजार तडे जाऊन तसाच उभा होता. आत कोणी नव्हतं, घरात सगळे झोपलेले.

ज्यांनी बसवून दिलं ते म्हणतात, "मुलांनी दार आपटलं असेल, नाहीतर गीझरचं गरम पाणी उडालं असेल." दोन्ही मला पटत नाही. काहीही न लागता काच फुटते कशी? आणि फुटलीच तर तिचे असे वाटाण्या-हरभऱ्याएवढे खडेच का होतात, साध्या खिडकीच्या काचेसारखे सुरे का होत नाहीत? फिक्स काच अजून उभी आहे, लेक रोज तिथे आंघोळ करते. म्हणून विचारतेय.

विदर्भवासी
ताई, साधं कारण आहे, आपलं ऊन. मे महिन्यात नागपुरात ४५-४६ अंश म्हणजे रोजचंच झालंय. काच तापते, प्रसरण पावते आणि फुटते. माझ्या माहितीत उन्हात उभ्या गाडीची मागची काच अशीच गेली. टफन म्हणजे वरून एक कडक थर चढवलेली काच. थर तडकला की सगळं संपलं.

इंटेरिअर_अभय
मी वीसेक वर्षं हीच कामं करतो. टफन काच कधीतरी स्वतःहून फुटतेच, त्याला इलाज नाही. काचेत निकेल सल्फाइडचा कण राहिलेला असतो, तो फुगतो आणि काच जाते. ज्याने बसवली त्याचा दोष नसतो, काच बनवतानाच ते ठरलेलं असतं. नवीन दार लावून घ्या आणि विषय सोडा.

भट्टीवाला
स्वातीताई, आधी एक विनंती. फिल्मला चिकटलेला खालचा भाग अजून फेकला नसेल तर फेकू नका, आणि खाली पडलेले खडेही एका बादलीत ठेवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मी हिंगणा एमआयडीसीत एका टफनिंगच्या भट्टीवर बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे.

विदर्भवासी, वरून कुठलाही थर चढवत नाहीत. आत येणारी काच साधीच असते, तीच जी खिडकीला लावतात. आकाराला कापायची, कडा घासायच्या, हिंजसाठी खाचा आणि हँडलसाठी भोकं पाडायची, धुवायची आणि मग भट्टीत घालायची. टफन झाल्यावर तिला कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, म्हणून हे सगळं आधी. भट्टीत ती रोलरवर मागे-पुढे हलत ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापते. मिमीला ४० सेकंद धरतात, म्हणजे ८ मिमी काचेला पाच मिनिटांच्या थोडं वर. बाहेर येते तेव्हा ती वितळलेली नसते, पण मऊ पडलेली असते. तिथून लगेच क्वेंचमध्ये, जिथे वरून आणि खालून शेकडो नळ्यांतून थंड हवेचा मारा होतो. सगळा खेळ त्या पहिल्या काही सेकंदांचा आहे.

हवा लागते ती दोन्ही पृष्ठभागांना. ते झटकन थंड होऊन घट्ट होतात. मधला गाभा अजून गरम असतो. नंतर गाभाही थंड होतो आणि आकसायला बघतो, पण बाहेरची दोन्ही आवरणं आधीच घट्ट झालेली, ती त्याला हवं तेवढं आकसू देत नाहीत. गाभा त्यांना आत ओढत राहतो. परिणाम असा की पृष्ठभाग कायमचे दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली. काच शांत उभी दिसते, पण आत ही ओढाताण अखंड चालू असते.

मृण्मय_व्ही
काका, मी व्हीएनआयटीत मेटलर्जीला आहे. इथे माझं नेहमी अडतं. पृष्ठभाग आधी थंड होतो म्हणजे आधी आकसतो. मग आकसणारा भाग ताणाखाली आणि आतला गरम भाग दाबाखाली यायला हवा. तुम्ही बरोबर उलटं सांगताय.

भट्टीवाला
मृण्मय, तू म्हणतोस ते पहिल्या क्षणी खरंच घडतं. हवा लागताच पृष्ठभागावर ताण येतो. म्हणून काच भट्टीत कमी तापली असेल तर ती क्वेंचमध्येच फुटते. नवीन ऑपरेटर असला की हा आवाज हमखास ऐकू यायचा.

पण काच पुरेशी तापलेली असेल तर गाभा तेव्हा इतका मऊ असतो की तो तो ताण धरूनच ठेवू शकत नाही. कण एकमेकांवरून सरकतात आणि ताण विरून जातो. म्हणजे पृष्ठभाग घट्ट होतो त्या घडीला काचेत जवळपास काहीच ताण उरलेला नसतो, फक्त तापमानाचा फरक असतो: बाहेर कमी, आत जास्त. इथून पुढे सगळी काच खोलीच्या तापमानाला येणार. बाहेरच्याला थोडं आकसायचंय, आतल्याला बरंच. आता मात्र दोघेही घट्ट आहेत, सरकून मोकळं व्हायची सोय गेली. जो फरक राहिला तो दाब आणि ताण म्हणून कायमचा गोठला.

मृण्मय_व्ही
हे पटलं. म्हणजे घट्ट होण्याच्या क्षणी बिनताणाची अवस्था आणि तापमानाचा उतार, हे दोन्ही एकदम असणं महत्त्वाचं. मग आकडा काढून बघतो. काचेचा स्थितिस्थापकतेचा गुणांक ७० गिगापास्कल, प्रसरण अंशाला दशलक्षात ९ भाग, पॉइसन गुणोत्तर ०.२२. तिन्ही मिळून एका अंशाच्या फरकाला ०.८ मेगापास्कल येतात. तापमानाचा उतार पॅराबोलासारखा धरला तर पृष्ठभागाच्या वाट्याला त्याचे दोन तृतीयांश येतात आणि मध्यावर एक तृतीयांश. पृष्ठभागावर १०० मेगापास्कल दाब हवा असेल तर घट्ट होताना मध्य आणि पृष्ठभागात १८५ अंशांचा फरक हवा. म्हणजे चार मिलिमीटर अंतरात १८५ अंश! एवढा मारा का लागतो ते आता कळलं.

भट्टीवाला
हिशोब ढोबळ आहे पण दिशा अगदी बरोबर. आणि म्हणूनच काच जेवढी पातळ तेवढी हवा जास्त लागते. ४ मिमीला ब्लोअर जीव तोडून ओरडतो, १२ मिमीला हलकी हवा पुरते. पातळ काचेत आतबाहेर फरक राहायलाच तयार नसतो.

तू काढलेल्या दोन आकड्यांतून ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर निघतं. पृष्ठभागावर १०० दाब तर मध्यावर ५० ताण. दाब ताणात बदलतो ती रेषा प्रत्येक पृष्ठभागापासून जाडीच्या एकपंचमांशावर, नेमकं सांगायचं तर २१ टक्क्यांवर. ८ मिमीच्या काचेत हे झालं १.७ मिमी. दोन्ही बाजूंना १.७ मिमी दाबाचं कवच, आणि मधे ४.६ मिमी ताणातला गाभा.

काच नेहमी पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांपासून तुटते. ग्रिफिथने १९२१ मध्ये हे दाखवलं. ओरखड्याला तोंड उघडायला ताण लागतो. टफन काचेत त्याचं तोंड १०० मेगापास्कलने मिटलेलं असतं. काच वाकवली तर आधी ते १०० संपवायचे, मग कुठे ओरखडा उघडायला सुरुवात. म्हणून ती साध्या काचेपेक्षा तीन-चार पट भार घेते. काचेचा पदार्थ तोच आहे, कडकपणाही तोच.

विदर्भवासी
बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात, थंड झाली की ती लाकूड आवळून धरते. तसंच ना हे?

भट्टीवाला
आवळणं तसंच, पण दिशा उलटी. चाकात बाहेरची धाव नंतर आकसते, म्हणून धावेत ताण आणि आतल्या लाकडात दाब. काचेत आतला गाभा नंतर आकसतो, म्हणून ताण आत आणि दाब बाहेर. जो भाग शेवटी थंड होतो तो ताणात जातो, एवढं लक्षात ठेवलं की दोन्ही जुळतं.

बर्डीचा_पोट्टा
राजेहो, माझं बर्डीवर मोबाइल ॲक्सेसरीचं दुकान आहे. आम्ही दिवसभर टेम्पर्ड ग्लासच लावते. पण थे फुटलं का त्याचे असे खडे नाही होत. जाळ्यासारखे तडे जाते आन् लांब लांब तुकडे निघते, बोटाले लागते. मंग ताईचं दार टेम्पर्ड होतं हेच काऊन समजायचं?

मृण्मय_व्ही
दादा, स्क्रीनगार्ड ०.३ मिमीच्या आसपास असतो. हवेच्या माऱ्याने त्यात आतबाहेर फरक तयार होणं शक्यच नाही. तिथे रसायनाने काम होतं. चारेकशे अंशांच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये काच बुडवून ठेवतात. काचेतले लहान सोडियमचे आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे घुसतात. पृष्ठभागावर गर्दी होते म्हणून दाब. चांगल्या फोनच्या काचेत हा दाब खूप मोठा असतो, ६००-७०० मेगापास्कलसुद्धा, पण खोली केसाच्या जाडीएवढी. बरेच स्वस्त गार्ड त्याहून खूप कमी प्रतीचे असतात. आत साठलेला ताण कमी, म्हणून खडे होत नाहीत. नाव एक, काम वेगळं. आणि बोटाला लागणं टाळायचं तर खाली चिकटवायचा थर चांगला हवा.

बर्डीचा_पोट्टा
आत्ता समजलं. गिऱ्हाईकाले सांगाले बरं पडन.

गौरी_धरमपेठ
माझा अनुभव सांगू का? आमची काचेची शेगडी मागच्या दिवाळीत फुटली. चिवडा करत होते, मोठी कढई होती. असेच खडे, सगळ्या ओट्यावर, चिवड्यात पण. गरम होऊन फुटली म्हणजे विदर्भवासींचं बरोबर ना?

भट्टीवाला
गौरीताई, शेगडीची गोष्ट निराळी आहे. टफन काचेत एका जागी आणि दुसऱ्या जागी २०० अंशांपर्यंत फरक पडला तरी ती सहसा तग धरते, साधी काच ४० अंशांतच जाते. बाथरूममध्ये गीझरचं पाणी ५०-६० अंशांचं, काच २५-३० ची. आपलं उन्हाळ्याचं ४६ तर सगळ्या काचेला सारखंच लागतं, त्याने फरकच पडत नाही. तेव्हा ताईंच्या दारात गरम पाणी किंवा ऊन हे कारण मी बाजूला ठेवतो.

शेगडीवर मात्र मोठ्या बुडाची कढई ज्योत खाली आणि बाजूला ढकलते. बर्नरच्या कडेला काच फार तापते आणि कोपरा थंड राहतो, तेव्हा २०० चा फरक पडणं अशक्य नाही. शिवाय २५०-३०० अंशांना रोज तासन्‌तास राहिली तर गोठवलेला दाब हळूहळू ढिला पडतो. बर्नरसाठी पाडलेल्या भोकाची कड दुखावलेली असेल तर आणखी सोपं. तुमच्या शेगडीत यातलं काय झालं ते मी सांगू शकत नाही.

स्वाती_मनीषनगर
काका, फिल्मचा भाग ठेवलाय, बादलीही भरून ठेवलीय. पण खड्यांचं अजून कळलं नाही. एका ठिकाणी तडा गेला तर तो तिथेच का थांबत नाही?

भट्टीवाला
थांबायला त्याला कारणच नाही. साध्या काचेत तडा बाहेरच्या जोरावर चालतो. जोर संपला की तो थांबतो, म्हणून खिडकीच्या काचेत अर्धवट तडे वर्षानुवर्षं दिसतात. टफन काचेत तडा १.७ मिमीचं कवच ओलांडून गाभ्यात पोचला की त्याला बाहेरचा जोर लागतच नाही, पुढे प्रत्येक जागी ५० मेगापास्कलचा ताण त्याची वाटच बघत असतो. तडा गाभ्यातून पुढे धावतो आणि वरखालची कवचं त्याच्या मागोमाग फाटतात. वेग सेकंदाला दीड हजार मीटरच्या घरात. तुमचं दार दोन मीटर उंच असेल तर वरून खाली जायला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जरा वर.

त्याहून जास्त वेग तड्याला घेता येत नाही, पण साठलेली ऊर्जा तर ढकलतच असते. मग तो दुभागतो. दोन्ही फाटे पूर्ण वेगाने धावतात, पुन्हा दुभागतात. अशी सगळी काच फाट्यांनी भरून जाते.

मृण्मय_व्ही
यात एक भर. मग पावडर का होत नाही, हा प्रश्न उरतो. तुकडा सुटा झाला की त्याच्या नव्या बाजू मोकळ्या होतात. गाभ्याला आकसायला जागा मिळते आणि बाजूंपासून आत जाडीच्या अंतराएवढा ताण ओसरतो. तुकड्याची रुंदी जाडीच्या जवळपास आली की त्यात पुढचा तडा चालवण्याइतका ताण उरतच नाही. तिथे तुटणं संपतं. म्हणून खडे काचेच्या जाडीच्या मापाचे.

युरोपीय मानक ईएन १२१५० मध्ये ४ ते १२ मिमी काचेसाठी ५ सेंमी बाय ५ सेंमी चौकोनात किमान ४० तुकडे मोजायला सांगितलेत. २५०० चौरस मिमीला ४० ने भागा, एका तुकड्याला साठ-बासष्ट, म्हणजे ८ मिमी बाजूचा चौकोन. ८ मिमी काचेत खडा जितका जाड तितकाच रुंद. ताण जास्त असेल तर याहून बारीक होतात.

भट्टीवाला
अगदी हेच. आणि ताई, बोथट असण्याचं कारणही यातच आहे. गाभ्यातला ताण काचेच्या पातळीत सगळ्या दिशांना सारखा असतो, म्हणून तडे पृष्ठभागाला काटकोनात, आरपार चालतात. खड्याच्या बाजू उभ्या राहतात, कोपरे ९० अंशांच्या आसपास किंवा त्याहून उघडे. साध्या काचेत मोजके तडे लांबवर वळत, तिरपे जातात. दोन तिरप्या बाजू भेटतात तिथे दहा-पंधरा अंशांची धार तयार होते, तोच सुरा. तिथे तुकडाही हातभर लांब आणि जड, म्हणून खोल जातो.

पण खडे निरुपद्रवी नाहीत. डोळ्यात उडतात, अनवाणी पायाला कापतात, आणि वरून पडताना बरेचदा एकमेकांत अडकलेले मोठे गठ्ठे पडतात. झाडताना चप्पल घाला, आणि एकदा ओल्या फडक्यानेही पुसून घ्या.

इंटेरिअर_अभय
काका, हे सगळं ठीक आहे. पण रात्री दोन वाजता कोणी न शिवता फुटली याचा अर्थ निकेल सल्फाइडच. दुसरं काय?

भट्टीवाला
अभयजी, ते कारण खरं आहे, मी नाकारत नाही. १९६१ मध्ये बॅलंटाइन यांनी मेलबर्नच्या एका उंच इमारतीच्या काचांवरून ते पहिल्यांदा मांडलं. काच बनवताना निकेलचा अंश आला तर गंधकाशी मिळून मिमीच्या दहाव्या भागाएवढा गोळा होतो. ३७९ अंशांच्या वर त्याचं रूप एक, खाली दुसरं, आणि खालचं रूप दोन-चार टक्के मोठं. क्वेंचमध्ये त्याला बदलायला वेळच मिळत नाही. मग तो भिंतीवरच्या काचेत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं हळूहळू बदलतो आणि फुगतो. गाभ्यात बसला असेल तर तिथूनच तडा सुटतो. साध्या काचेत हाच गोळा असला तरी काही बिघडत नाही, कारण तिथे ताण नाही.

पण प्रत्येक फुटलेली काच त्याच्या नावावर टाकणं मला मान्य नाही. बाथरूमच्या दारात त्याहून जवळचं कारण असतं, कड. काचेच्या सपाट अंगावर बाटली आपटली तरी ती टिकते, पण कोपरा व्हिट्रिफाइड टाइलवर टेकला की गेली. हिंजच्या खाचेत रबराची गास्केट सरकून लोखंड थेट काचेला लागलं, स्क्रू जास्त आवळला, तर कडेला टवका जातो. तो टवका १.७ मिमीच्या आत असेपर्यंत काच उभी राहते. दार रोज उघडतं-मिटतं, लोखंड चावत राहतं, टवका खोल जातो. एक दिवस तो गाभ्याला भिडतो. तो दिवस दार वापरतानाच येईल असं काही नाही. दिवसा ताणून बसलेला हिंज रात्री तापमान उतरल्यावर जरा हलला तरी पुरतं.

दोन्हींतला फरक उगमावरून कळतो. ताई, फिल्मवरचे तडे दिव्यासमोर धरून बघा. ते एका जागेकडून पंख्यासारखे फाकलेले दिसतील. उगम काचेच्या मधोमध असेल आणि तिथे दोन मोठे, पाच-सहा कोनी तुकडे एकमेकांना एका सरळ बाजूने चिकटलेले दिसले, फुलपाखराच्या पंखांसारखे, तर अभयजींचं कारण. त्या सामाईक बाजूच्या मधे भिंगाने काळा ठिपकाही सापडतो. उगम कडेला किंवा हिंजशी असेल तर बसवण्यातली चूक.

स्वाती_मनीषनगर
काल रात्री यजमान आणि मी टॉर्च लावून बघत बसलो. फिल्मवरच्या भागात उगम नाही. तडे खालून वर जाताना एकमेकांच्या जवळ येतात आणि हिंजच्या बाजूला झुकतात, पण फिल्म संपते तिथे तेही संपतात. म्हणजे उगम वर होता, जो पडला. बादलीतले खडे दोन ताटांत पसरून बघितले, फुलपाखरासारखी जोडी मिळाली नाही. पण बरेचसे खडे सुटे झालेत, त्यामुळे नाहीच असं म्हणता येत नाही.

वरचा हिंज भिंतीलाच होता, तो उघडला. त्यात काचेचा चुरा अडकलाय. एका बाजूची काळी गास्केट आहे, दुसऱ्या बाजूची अर्ध्यावर सरकून मुडपलेली. तिथे धातूवर चकचकीत घासल्याची खूण आहे.

भट्टीवाला
मग माझा कल वरच्या हिंजकडे. तडे त्या बाजूला झुकतात, गास्केट सरकलेली, आणि घासल्याची खूण. बसवणाऱ्यांना हिंज दाखवा, त्याचा फोटो आधी काढून ठेवा.

मृण्मय_व्ही
काका, मी अजून शंभर टक्के म्हणणार नाही. काच फुटताना आणि अर्धं दार कोसळताना हिंजमध्ये चुरा अडकणारच, आणि गास्केटही तेव्हाच मुडपू शकते. उगमाचे तुकडे हातात नाहीत. घासल्याची चकचकीत खूण हाच एक पुरावा आधीचा वाटतो, कारण ती एका क्षणात होत नाही.

भट्टीवाला
मान्य. खूण जुनी की नवी हे हिंज हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.

इंटेरिअर_अभय
गास्केट सरकलेली असेल तर मी बसवणाऱ्याची बाजू घेणार नाही. आमची मुलं घाईत एकच गास्केट घालतात, हे मी स्वतः पकडलंय. दोन्ही बाजूंना हवीच.

स्वाती_मनीषनगर
आणि फिक्स काच? ती टफन आहे का, आणि राहू द्यायची का?

भट्टीवाला
टफन आहे का ते कळेल. कोपऱ्यात भट्टीचा कायमचा शिक्का असतो, बरेचदा त्यात आयएस २५५३ लिहिलेलं असतं. शिक्का नसेल तर लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून डोकं तिरकं करत बघा. हवेच्या नळ्यांचे ठिपके किंवा पट्टे ओळीने दिसतात. त्यावरून काच तापवून थंड केलीय एवढं कळतं, दाब किती ते कळत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं, ते काचेच्या कारखान्यात असतं.

फिक्स काचेला हिंज नाही, म्हणून चावणारं लोखंड कमी. तिच्या क्लॅम्प आणि खालच्या चॅनलमध्ये काच थेट धातूवर किंवा टाइलवर टेकलेली नाही ना, एवढं उघडून बघा. कडेवरून नख फिरवा. टवका लागला तर काच बदला, तो घासून गुळगुळीत करायला देऊ नका, घासताना कवच आणखी पातळ होतं. कडा स्वच्छ असतील तर दाराला होती तशी फिल्म, पण पूर्ण उंचीची आणि सेफ्टी फिल्म म्हणून विकतात ती, लावून घ्या. फुटली तरी खडे अंगावर येणार नाहीत.

नवीन दाराला हीट सोक करून मागा. टफन केलेली काच पुन्हा भट्टीत २६० ते २९० अंशांना काही तास ठेवतात, ज्यात वाईट गोळा आहे ती तिथेच फुटते. अशा सगळ्या काचा सापडतातच असं नाही, आणि कडेच्या टवक्यावर त्याचा काही उपयोग नाही.

गौरी_धरमपेठ
लॅमिनेटेड लावली तर? गाडीच्या पुढच्या काचेसारखी?

मृण्मय_व्ही
दोन टफन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून मिळते. एक फुटली तरी दुसरी धरून ठेवते. महाग आणि जड पडते, हिंजही तेवढ्या वजनाचे लागतात. बाथरूमला एवढं लागतं का यावर माझं आणि काकांचं एकमत होणार नाही बहुतेक.

भट्टीवाला
घरात लहान मूल असेल तर मी नाही म्हणणार नाही. पण लॅमिनेटेडची कडही ओलीत ठेवली तर वर्षा-दोन वर्षांत थर पांढरा पडून सुटू लागतो, हे बाथरूममध्ये पाहिलंय. मी असतो तर साधी ८ मिमी टफन, हीट सोक केलेली, आणि त्यावर फिल्म.

स्वाती_मनीषनगर
बसवणारे शनिवारी हिंज बघायला येतायत. दोन्ही गास्केट माझ्यासमोर घालायला सांगणार आहे, आणि फिक्स काचेचा चॅनलही तेव्हाच उघडून घेते. खुणेचा जवळून फोटो इथे टाकते, मृण्मय आणि काका दोघांनीही बघा.